सहा चौकोनांतला तिसरा

कारखानदार आले ते स्टूल काखेत मारूनच आले. अंघोळीचं घडीचं स्टूल. पांढरी बैठक, पाणी निथळायला तिला भोकं, चारही पायांना रबरी टोप्या. टेबलावर ठेवून त्यांनी ते असं उघडून दाखवलं, की जणू मुलगी दाखवायला आणली होती. मग बोटांवर मोजत गुण सांगितले. घडी होते, सरकत नाही, उंची कमीजास्त होते, गंजत नाही, वजन पेलतं, धुवायला सोपं. गुण सहा, म्हणून छोटे व्हिडिओ सहा, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

धाकटीने मान डोलावली आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दर गिऱ्हाईक हेच करतं. लोक टोप्या बघायला थांबत नाहीत, लोक स्वतःला बघायला थांबतात, हे त्यांना कसं समजावायचं यातच तिच्या नोकरीचा अर्धा वेळ जायचा. ती एका छोट्या कंपनीत जाहिरातींचे व्हिडिओ लिहायची. घरी दोघी बहिणींतली ती धाकटी. ऑफिसात मात्र थोरलीसारखी वागायची.

तिने फळ्यावर सहा चौकोन आखले. प्रत्येकात चार ओळी: बघणारा कोण, त्याला बोचतंय काय, पहिल्या तीन सेकंदांत काय दिसेल, आणि स्टुलाची एकच कुठली गोष्ट दाखवायची. एकच, हे तिने अधोरेखित केलं. कारखानदारांचा चेहरा पडला, पण ती त्यांना पटवत गेली. स्टूल एकच आहे, पण ते ज्या दारातून आत जाणार ती घरं वेगळी आहेत. सगळ्यांना सगळं सांगायला गेलं तर कुणीच ऐकत नाही.

पहिला चौकोन खुद्द म्हाताऱ्यांचा. त्यात 'म्हातारा' हा शब्दच नको, कारण स्वतःला म्हातारं समजणारा माणूस तिने अजून पाहिला नव्हता. त्यात एक आजोबा बाथरूमचं दार आतून लावून घेतात आणि म्हणतात, इथे मला कुणाची लुडबुड नको. दुसरा, दिवस भरत आलेल्या बाईचा, जिला वाकून स्वतःचे पाय धुता येत नाहीत. चौथा, पाय प्लॅस्टरमध्ये अडकलेल्या खेळाडू पोराचा, तो गमतीचा. पाचवा ज्यांच्या बाथरूममध्ये बादली ठेवली की माणूस मावत नाही अशांचा. तिथे फक्त घडी दाखवायची. सहावा शंकेखोरांचा, आणि तो मुद्दाम मागे ठेवायचा. पहिले पाच लोकांसमोर गेले की व्हिडिओखाली लोक काय काय शंका काढतात, टोमणे मारतात, ते बघून मग त्यांच्याच शब्दांनी सहावा सुरू करायचा. कारखानदार आता हसायला लागले होते.

राहिला तिसरा. घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांचा. त्यात धाकटीने लिहिलं होतं, 'आईची काळजी घ्या, तिला सुरक्षित ठेवा.'

दिग्दर्शकाला सगळे मास्तर म्हणायचे, कारण समोर येईल त्याचा कागद तो तपासायचा. त्याने ती ओळ वाचली आणि नाक मुरडलं. म्हणाला, ही ओळ कुणीही लिहील, औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवरही असते. "ही बाई कोण आहे ते सांगा मला. तिला आतून काय खातंय?"

धाकटीला ती बाई माहीत होती. ती पंचेचाळिशी ओलांडलेली आहे, घरी बसून लोकांचे कपडे शिवते, दुपारी आई झोपली की मशीन थांबवून मोबाईल बघते, आणि आईला जाग येऊ नये म्हणून आवाज बंद ठेवून बघते. म्हणून शब्द पडद्यावर लिहूनच आले पाहिजेत, मोठ्या अक्षरात. हे सगळं ती घडाघडा बोलली. आकडेबाई, म्हणजे जाहिराती चालवणारी आणि कोण कुठे थांबलं याचे आकडे बघणारी त्यांची सहकारी, लिहून घेत होती. मास्तर मात्र खडू पुढे धरून उभा होता. पहिलं वाक्य काय?

धाकटीने खडू घेतला आणि तिसऱ्या चौकोनात लिहिलं: 'त्या दिवशी मी आईला म्हणाले, आज तुझी तू कर अंघोळ.'

कारखानदारांनी चष्मा काढून पुसला. मास्तरने नुसती मान हलवली, आणि त्याची मान हलणं म्हणजे फार झालं. धाकटीला वाटलं, जमलं. अगदी आतून, पोटातून आनंद झाला तिला.

ते वाक्य तिचं नव्हतं. थोरलीचं होतं.

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचा खुबा मोडला. धाकटी धावतपळत दवाखान्यात पोचली तेव्हा थोरली बाकावर बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते हो, तेवढ्यात झालं. सगळे म्हणाले, तू तरी काय करणार. संध्याकाळी दोघीच उरल्या तेव्हा थोरलीने चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, की ती गच्चीवर नव्हतीच. स्वयंपाकघरातच होती. आदल्या रात्री आईने चारदा उठवलं होतं, डोकं उठलं होतं, आणि आईने टॉवेल मागितला तेव्हा ती तिच्यावर खेकसली. आज तुझी तू कर अंघोळ. "हे कुणाला सांगू नकोस गं," थोरली म्हणाली होती. धाकटीने तिचा हात दाबला होता. सांगणार नाही म्हणाली होती, आणि खरंच नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. फळ्यावर लिहिलं ते.

आता लिहून झाल्यावर तिने स्वतःची समजूत घातली. हे वाक्य काय फक्त थोरलीचं आहे? घरोघरी कुणीतरी म्हणतच असेल. नट्या वेगळ्या, घर वेगळं. शिवाय थोरली कुठे बघतेय असलं काही. हे मनात आलं आणि तिचं तिलाच कळलं, की बघणारी कशी असते ते नुकतंच तिनेच सगळ्यांना तपशीलवार सांगितलं होतं.

शूटिंग झालं. सहाही व्हिडिओंना लागणारे स्टुलाचे शॉट एकदाच घेतले. घडी उघडताना, साबणाच्या फरशीवर रबरी टोप्या, भोकांतून निथळणारं पाणी. ते सगळीकडे वापरायचे. वेगळं घ्यायचं ते फक्त प्रत्येकाचं तोंड, म्हणजे सुरुवात, आणि प्रत्येकाचा शेवट. तिसऱ्याचा शेवट धाकटीनेच सुचवला. आई आत स्टुलावर अंघोळ करतेय, मुलगी बंद दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी आहे. चेहरा निर्धास्त. नटीला ते पहिल्या फटक्यात जमेना. मास्तर म्हणाला, बाई, तुम्ही दाखवा उभं राहून. धाकटी टॉवेल घेऊन उभी राहिली, आणि मास्तर म्हणाला, बघा, असं.

व्हिडिओ लोकांपुढे गेले. खेळाडू पोराला लोक हसले आणि पुढे गेले. आजोबा बरे चालले. तिसरा मात्र सुटला. आकडेबाई म्हणाली, आता नेम धरावाच लागत नाही. पहिल्या वाक्यावर जी बाई थबकते, तिच्यासारख्या आणखी बायकांकडे तो आपोआप जातो, बाईच बाईला शोधून देते. ती खुशीत होती. धाकटीला मात्र पहिली आठवली ती थोरली.

खाली लोक बोलत होते. आणि काय बोलत होते. असली मुलगी असण्यापेक्षा नसलेली बरी. जन्म दिलेल्या आईला असं बोलवतं तरी कसं. हिच्या मुलांनी हिला असंच टाकलं म्हणजे कळेल. धाकटी एकेक वाचत होती, कारण सहाव्यासाठी शंका आणि टोमणे गोळा करणं हे तिचंच काम होतं. प्रत्येक शिवी थोरलीच्या नावाने धाकटीच्या कानात वाजत होती.

मग एक उत्तर दिसलं. शेजारी छोट्या गोलात शिवणयंत्राचा फोटो, यंत्रावर चढून बसलेलं करडं मांजर. ते मांजर धाकटीच्या ओळखीचं होतं. मागच्या खेपेला त्याने तिच्या ओढणीचा धागा काढला होता.

थोरलीने लिहिलं होतं, 'त्या बाईला नावं ठेवू नका. ती रोज करते म्हणून एखाद्या दिवशी थकते. जी करतच नाही ती कशाने थकणार?'

धाकटीने मोबाईल उलटा ठेवला. कान तापले. थोरलीच्या मनात ते धाकटीबद्दल नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थोरली टोमणे मारणारी बाईच नव्हे. म्हणूनच ते जास्त लागलं. महिन्यातून एकदा फळांची पिशवी घेऊन जाणारी, आईच्या गालाला हात लावून येणारी ती, कशाने थकली होती? शेवटचा आईला अंघोळीला हात कधी लावला होता? आठवेना, कारण लावलेलाच नव्हता.

तोवर ते उत्तर मास्तरच्याही नजरेस पडलं होतं. त्याने टाळी वाजवली. सहावा व्हिडिओ हाच! शंकेखोर काय म्हणतात ते आधी दाखवायचं, मग या बाईचे शब्द, आणि जमलं तर ही बाईच. कारखानदारांना फोनवर वाचून दाखवलं, तेही हरखले. बाईची परवानगी घ्यायला हवी, एवढं भान मास्तरला होतं. ते काम अर्थातच धाकटीकडे आलं. बायकांशी तुम्हीच छान बोलता, असं म्हणून.

त्याच वेळी तिने सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण सांगायचं म्हणजे मान हलवणाऱ्या मास्तरला सांगायचं, की ते वाक्य मला सुचलं नव्हतं, मी ते बहिणीच्या तोंडातून उचललं. ती म्हणाली, बघते.

दुसऱ्या दिवशी ती थोरलीकडे गेली. काय करायला, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. मनाच्या एका कोपऱ्यात, हे कबूल करताना तिला नंतरही मेल्याहून मेल्यासारखं झालं, एक विचार होताच: काही न सांगताही परवानगी मिळेल. ताई, तुझं वाक्य किती छान आहे, असं म्हटलं तर ती लाजेल आणि हो म्हणेल.

दार थोरलीने उघडलं. दंडावर मोजपट्टी, ओठांत टाचणी. आत खिडकीपाशी आई बसली होती. पांढऱ्या स्टुलावर.

"बघ की तिचं सिंहासन," टाचणी काढत थोरली म्हणाली. "अंघोळीला मागवलं, तर म्हणते इथून रस्ता छान दिसतो. रोज उचलून आत न्यायचं आणि पुसून परत इथे आणायचं."

आई म्हणाली, एवढी चांगली वस्तू ओल्यात कशाला ठेवायची. मग धाकटीला जवळ बोलावून, वाळलीस गं, म्हणाली. ती दर खेपेला असंच म्हणायची, धाकटी जाडी होऊन आली तरी.

स्वयंपाकघरात थोरलीने चहा टाकला आणि आवाज खाली आणून, दाराकडे एकदा बघून, मोबाईल पुढे केला. "हे बघितलंस का? तू त्याच लाईनमध्ये आहेस म्हणून विचारते."

पडद्यावर तेच वाक्य, मोठ्या अक्षरात. आवाज बंद.

थोरली सांगत राहिली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा काळजात धस्स झालं, कुणीतरी मलाच बघितलं की काय. मग लक्षात आलं, ही दुसरीच कुणीतरी आहे. अशीच कुणीतरी, कुठेतरी, आईवर खेकसली आणि तिची आई पडली. वर्षभर मी समजत होते, की असं बोललेली जगात मीच एकटी. "तुला खोटं वाटेल, त्या दिवशी मला झोप लागली." मग शिव्या वाचल्या तेव्हा राहवेना, जन्मात पहिल्यांदा कुठे काही लिहिलं. "ती नटी असेल, ते कळतं मला. पण हे कुणीतरी खरं सांगितलं असणार, असं मनाने नाही रचता येत. तुझ्या ओळखीत चौकशी होईल का गं? मला त्या बाईशी एकदा बोलायचंय."

चहा वर आला. थोरलीने गॅस बारीक केला.

धाकटीला सुटकेच्या सगळ्या वाटा एकदम दिसल्या. मला नाही माहीत म्हणता आलं असतं. चौकशी करते म्हणता आलं असतं आणि विसरता आलं असतं. खोटीच एखादी बाईसुद्धा उभी करता आली असती. अशा बाया उभ्या करणं हाच तर तिचा धंदा होता. थोरलीने ते खरं मानलं असतं आणि आणखी पुष्कळ रात्री तिला झोप लागली असती. शरमेने धाकटीला बहिणीच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती चहाच्या भांड्याकडे बघत बोलली.

"ताई, ती बाई तू आहेस. ते मी लिहिलंय."

थोरलीला आधी समजलंच नाही. तू लिहिलंस म्हणजे काय, असं तिने विचारलं. मग धाकटीने सांगितलं. फळा, चौकोन, मास्तरने विचारलेला प्रश्न, सगळं. सांगताना प्रत्येक गोष्ट आणखीच घाण वाटत गेली. दुपारी आवाज बंद ठेवून बघणारी बाई, तेही मीच सांगितलं, म्हणाली. उद्या सहाव्यात तुझं उत्तर घालायचं म्हणतायत, त्याची परवानगी मागायला आले होते, तेही म्हणाली. काही राखून ठेवलं नाही. राखण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

थोरली ओट्याला टेकून उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. दंडावरची मोजपट्टी काढून गुंडाळत राहिली.

"म्हणजे तशी दुसरी कुणी नाहीच," ती म्हणाली.

मग म्हणाली, "आणि मी तिच्यासाठी भांडले."

धाकटीने तिथूनच आकडेबाईला फोन लावला. तिसरा व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढा म्हणाली, सगळीकडून काढा. तोच तर चालतोय, आकडेबाईला कळेना. धाकटी म्हणाली, "ते वाक्य माझं नव्हतं. न विचारता घेतलं. मास्तरांना मी सांगते." आकडेबाई कोरडेपणाने म्हणाली, ठीक आहे, काढते. त्या कोरड्या आवाजातच धाकटीला कळलं की उद्या ऑफिसात तिच्याकडे कसं बघितलं जाईल. पण ते आता फार मोठं वाटलं नाही.

"मी लिहिलेलं पण जाईल का?" थोरलीने विचारलं.

"जाईल."

"जाऊ दे," थोरली म्हणाली, आणि चहा गाळायला लागली. चहाचा एक कप तिने धाकटीपुढे ठेवला. नेहमीसारखा, साखर कमी. त्या कपाने धाकटीला जितकं लाजवलं तितकं शिव्यांनी लाजवलं नसतं.

बाहेरून आईने हाक मारली. अंघोळीचं पाणी तापलं असेल म्हणाली. थोरलीने कप खाली ठेवला, तोच धाकटी उठली. आज मी घालते, म्हणाली. थोरलीने तिच्याकडे बघितलं. नको म्हणायची तिला ताकद नसावी, किंवा इच्छा नसावी. दोरीवरचा टॉवेल काढून तिने धाकटीच्या हातात दिला आणि मशीनपाशी जाऊन बसली.

धाकटीने स्टूल आत नेलं. चारही टोप्या फरशीवर नीट टेकल्या का ते बघितलं, बैठक दाबून बघितली, पाणी हाताने चाचपलं. सगळं जिथल्या तिथे होतं. तिने लिहिलेल्या कागदात हे सगळं होतं. मग ती आईला धरून आणायला गेली, तर आईला कुठून धरायचं तेच तिला कळेना. दंडाला धरलं तर आई कळवळली. कमरेला हात घातला तर आईने तो हळूच बाजूला केला. कशीबशी दोघी बाथरूमच्या दारापर्यंत पोचल्या. धाकटी आईच्या गाऊनचं बटण काढायला वाकली, तेव्हा आईने तिचं मनगट धरलं.

"तू नको," आई म्हणाली. रागाने नाही, अगदी मऊ आवाजात, पाहुण्याला सांगावं तशी. "थोरलीला बोलव. तुझ्यासमोर मला लाज वाटते."

मशीन थांबलं. थोरली उठून आली, आईच्या डाव्या काखेखाली हात घालून तिला एका हालचालीत आत घेऊन गेली, आणि जाता जाता आईला काहीतरी बोलली, त्यावर आई हसली. दार लागलं. आतून पाण्याचा आवाज यायला लागला.

धाकटी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहिली.